४१२ मुलाखती, ५ टक्क्यांची आघाडी आणि चुकलेला अंदाज: एका मतदारसंघातल्या सर्व्हेचं प्रकरण

हा सर्व्हे नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मतदारसंघात केला होता. मतदारसंघ, उमेदवार, पेपर, कॉलेज कुणाचंच नाव देत नाहीये, आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे इकडे तिकडे केलेत, पण गणित आणि घटनांचा क्रम जसा घडला तसाच आहे. सर्व्हेची जबाबदारी माझ्याकडे होती त्यामुळे जे निर्णय चुकले त्यातले बरेचसे माझेच आहेत.

पार्श्वभूमी

मतदारसंघात साधारण ३ लाख मतदार, ३३० च्या आसपास बूथ. एक तालुक्याचं शहर, त्याच्या भोवती बागायती गावं, आणि पश्चिमेला डोंगरपट्टा. डोंगरपट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईला, नाहीतर पुण्याला पिंपरीला कामाला, आणि यातल्या बऱ्याच जणांचं नाव अजून गावच्याच यादीत. ही गोष्ट आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती, तरी तिचा सर्व्हेवर काय परिणाम होणार याचा नीट विचार आम्ही केला नाही. पुढे सगळं तिथेच येऊन थांबतं.

लढत मुख्यतः दोघांत होती. विद्यमान आमदारांना "अ" म्हणू आणि समोरच्या मोठ्या उमेदवाराला "ब". बाकी बंडखोर, अपक्ष, छोटे पक्ष.

एका स्थानिक दैनिकाला मतदारांचा कल आणि मुख्य प्रश्न यावर सर्व्हे छापायचा होता. माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्याकडे आधीच एक गूगल फॉर्म फिरत होता, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला, आणि त्यावर २,१४० उत्तरं आली होती. संपादकांचं म्हणणं साधं होतं, एवढी उत्तरं आलीत, तुम्ही फक्त आकडेमोड नीट करून द्या.

अडचण काय होती

फॉर्म उघडून बघितला तर २,१४० मधल्या बायका ३४० म्हणजे १६ टक्के. यादीत बायका जवळजवळ निम्म्या. पस्तिशीच्या आतले सत्तर टक्क्यांच्या वर. डोंगरपट्ट्यातल्या गावांची उत्तरं बोटावर मोजण्याइतकी. आणि वेळ बघितली तर एका रात्री ९ ते ११ मध्ये तीनशेच्या वर उत्तरं आलेली, सगळी एकाच उमेदवाराच्या बाजूची. कुणीतरी लिंक आपल्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकली असणार, दुसरं काय.

संपादकांनी विचारलं की बायकांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन जमणार नाही का, म्हणजे एका बाईचं उत्तर तीन वेळा मोजायचं. हा प्रश्न चांगला आहे आणि बऱ्याच जणांना हाच उपाय सुचतो. पण वजन दिल्याने ज्या ३४० जणी आल्यात त्यांचाच आवाज मोठा होतो, ज्या आल्याच नाहीत त्यांचा येत नाही. त्या ३४० बहुतेक शहरातल्या, शिकलेल्या, स्वतःचा फोन असलेल्या. डोंगरातली ५५ वर्षांची आजी तशीच विचार करते असं धरून चालायचं असेल तर सर्व्हे करायचाच कशाला.

मी त्यांना १९३६ सालचं अमेरिकेतलं उदाहरण सांगितलं. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने जवळपास १ कोटी लोकांना कार्डं पाठवली होती, २० लाखांहून जास्त परत आली, आणि त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून, आणि त्यातही ज्यांना मत सांगायची घाई होती त्यांनीच कार्ड परत पाठवलं. आपला व्हॉट्सअॅप फॉर्म म्हणजे तेच. संपादकांना पटलं, निदान "फॉर्म छापायचा नाही" इथपर्यंत तरी पटलं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय बाजारात, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर उभं राहून माणसं गाठायची आणि कोटा लावायचा, म्हणजे इतक्या बायका, इतके तरुण, इतके शेतकरी. स्वस्त आणि तीन दिवसांत होणारं काम. पण दुपारी स्टँडवर भेटणारी बाई ही घराबाहेर पडणारी बाई असते. कोट्याने संख्या जुळते, पण माणूस कोण निवडतो तर मुलाखत घेणारा पोरगा, आणि तो साहजिकच जो हसून बोलेल त्याच्याकडे जातो.

दुसरा पर्याय फोन. नंबर कुठून आणायचे हा प्रश्न होता. एका पुढाऱ्याच्या माणसाने "नंबरांची यादी देतो" म्हणून सांगितलं होतं, ती घेतली नाही.

तिसरा पर्याय मतदार यादीतून नावं काढून घरोघर जायचं. यादी बूथवार मिळते, त्यात नाव, वय, लिंग, घर क्रमांक असतो. खर्च जास्त, वेळ जास्त, पण कुणाला विचारायचं हे आमच्या हातात राहत नाही, आणि तेच तर हवं होतं. हा पर्याय घेतला, आणि घरोघर जायला तालुक्याच्या कॉलेजची मुलं घेतली.

नावं कशी काढली

हे जरा सविस्तर सांगतो कारण लोकांना वाटतं यात काहीतरी मोठं गूढ आहे, तसं काही नाही.

सगळे ३३० बूथ एकाखाली एक लिहिले आणि शेजारी मतदारांची बेरीज चढत नेली, पहिल्या बूथला ९८०, दुसऱ्याला ९८० अधिक १,१२०, असं करत ३ लाखांपर्यंत. आम्हाला २४ बूथ हवे होते, म्हणून ३ लाख भागिले २४, अंतर आलं १२,५००. मग १ ते १२,५०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढला, तो आला ७,३१८. बेरजेत ७,३१८ ज्या बूथमध्ये पडतो तो पहिला बूथ, त्यात १२,५०० मिळवून १९,८१८ जिथे पडतो तो दुसरा, असे २४. यात मोठ्या बूथला निवडलं जायची संधी जास्त मिळते. मग प्रत्येक बूथमधून सारखीच २५ नावं काढली, यादीवर ठराविक अंतर सोडून, हजार मतदार असले तर दर चाळिसावं नाव. बूथ मोठा असेल तर तो निवडला जायची शक्यता जास्त, पण आत गेल्यावर एकेका माणसाची शक्यता कमी, दोन्ही एकमेकांना कापतात आणि मतदारसंघातल्या प्रत्येक नावाची संधी सारखी होते, ५०० मध्ये १. एकूण नावं ६००.

तारखांचा निर्णय इथेच घ्यावा लागला. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर, मतदान २० तारखेला. दिवाळीत गेलो असतो तर मुंबईची माणसं घरी भेटली असती. पण तेव्हा उमेदवारांची यादी पक्की नव्हती, बंडखोर राहणार की माघार घेणार हेच ठरलं नव्हतं, आणि आम्हाला खऱ्यासारखी मतपत्रिका छापायची होती. नावं आणि चिन्हं असलेला कागद, माणूस स्वतः खूण करणार, घडी घालून डब्यात टाकणार, म्हणजे आम्हाला तोंडाने सांगायची गरज नाही. चिठ्ठीच्या मागे फक्त बूथ नंबर, माणसाची ओळख नाही. तर चिठ्ठीसाठी आम्ही दिवाळी सोडली आणि ६ ते १० नोव्हेंबर ठरवलं. तेव्हा हा निर्णय मला अगदी सरळ वाटला होता.

प्रश्न लिहिताना

पेपरच्या मूळ यादीत असा प्रश्न होता: "पाणीपुरवठा आणि रस्त्यांच्या कामाकडे लोकप्रतिनिधींनी दुर्लक्ष केलं आहे असं तुम्हाला वाटतं का?" यात तीन गोष्टी एकदम बिघडलेल्या आहेत. पाणी आणि रस्ता एकत्र, म्हणजे रस्ता झालाय पण पाणी नाही अशा माणसाने काय सांगायचं. "दुर्लक्ष केलं" हे आपणच आधी बोलून मोकळे झालो. आणि "असं वाटतं का" ला आपल्याकडे, त्यातून पाहुण्यासारख्या आलेल्या मुलाने विचारलं तर, "हो, वाटतं की" हे उत्तर सहज येतं, समोरच्याला नाही कशाला म्हणा.

दुसऱ्या गावात ३० जणांवर आधी करून बघितलं तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली जी मला टेबलावर बसून कधीच कळली नसती. आमदारांच्या कामाबद्दल आम्ही पर्याय दिले होते: चांगलं, बरं, वाईट. "बरं" हा मधला पर्याय धरला होता. एक आजोबा म्हणाले "बरं हाय की", आणि पुढे पाच मिनिटं ते आमदार किती चांगले हे सांगत बसले. लगेच शेजारच्या घरात एक बाई "बरंच म्हणायचं आता" म्हणाली आणि तिचा सूर पूर्ण नाराजीचा. एकच शब्द, एकदा कौतुक आणि एकदा नाइलाज. मग पर्याय बदलून "समाधानी / समाधानी नाही" केले आणि "समाधानी" म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न, पूर्ण की थोडंसं. लांबतं, पण कळतं तरी.

पाण्याच्या प्रश्नाचे दोन मसुदे केले आणि निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरा विचारायचं ठरवलं. कुणाला कुठला, हे यादीवर आधीच लिहून दिलेलं, मुलांनी निवडायचं नाही. पहिला मसुदा पेपरचाच, फक्त रस्ते काढलेले. दुसरा असा: "गेल्या उन्हाळ्यात तुमच्या घरी साधारण किती दिवसांनी पाणी येत होतं?" आणि मग "पाण्याचं काम बघायची मुख्य जबाबदारी तुमच्या मते कुणाची?" ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, आमदार, राज्य सरकार, दुसरं कुणी, सांगता येत नाही. "गेल्या उन्हाळ्यात" हे शब्द मुद्दाम घातले, कारण आम्ही जाणार नोव्हेंबरमध्ये, विहिरी भरलेल्या, आत्ताचं विचारलं तर पाण्याचा प्रश्नच नाही असं उत्तर येणार.

फरक केवढा पडला बघा. पहिल्या मसुद्याला ६८ टक्के "हो, दुर्लक्ष केलंय". दुसऱ्यात मुख्य जबाबदारी आमदारांची म्हणणारे २७ टक्के, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची म्हणणारे ४१ टक्के. हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पण पेपरात फक्त ६८ छापला असता तर वाचणाऱ्याने सरळ अर्थ काढला असता की पाण्यावरून आमदार पडणार. लोक पाण्यावरून चिडलेले होतेच, फक्त निम्मी चीड सरपंचावर होती.

लाडकी बहीण योजनेचाही प्रश्न मूळ यादीत होता, "योजना चालू ठेवावी का?" तो काढून टाकला. आम्ही बाहेर पडायच्या वेळीच महायुतीने १५०० चे २१०० आणि महाविकास आघाडीने ३००० द्यायचं आश्वासन दिलेलं. दोन्हीकडचे वाढवून देणार म्हणतायत तर "चालू ठेवावी" ला हो म्हणणारा कुणाचा मतदार हे कसं कळणार. मात्र प्रश्न काढला तरी योजना गेली नाही, ती दारातच उभी राहिली. कागद घेऊन, यादीतलं नाव वाचत मुलगी आली की बायकांचा पहिला प्रश्न, "ताई, आमचं नाव कमी करणार न्हाई ना?" त्यांना वाटायचं योजनेची तपासणी आलीये. आम्ही समजावायचो, पण ती भीती मनात ठेवून कुणी काय उत्तर दिलं असेल, आणि चिठ्ठी कोरी टाकायचं कुणी ठरवलं असेल, हे आमच्या हाताबाहेर होतं.

फील्डवर काय झालं

पहिल्याच संध्याकाळी दोन टीमची कामं फार छान निघाली, २५ पैकी २४, २५ पैकी २३. बाकीच्यांची पंधरा-सोळा. मी तक्त्यावर यादीतलं वय आणि मुलाखतीत सांगितलेलं वय शेजारी शेजारी लावलं, तर यादीत ६१ आणि कागदावर २४ असे प्रकार. मुलांनी काय केलं तर नाव सापडलं नाही की शेजारच्या घरातला जो भेटला त्याला बसवलं, आणि खरं सांगायचं तर कुणाला फसवायला नाही केलं, त्यांना वाटलं संख्या भरली पाहिजे. कारण मी ट्रेनिंगमध्ये "बदली माणूस घ्यायचा नाही" हे एकदाच बोललो, का नाही घ्यायचा ते सांगितलंच नव्हतं. १९ कागद रद्द केले आणि त्या टीम परत पाठवल्या. जो घरी सापडतो तो सापडतोच, जो नाही सापडत तोच वेगळा असतो, त्याच्या जागी सापडणाऱ्याला घेतलं की यादीचा सगळा खटाटोप वाया.

तीन वेळा घरी जायचं, त्यातली एक खेप संध्याकाळी सातनंतर, असा नियम होता. शेवटी ६०० पैकी ४१२ मुलाखती झाल्या. उरलेले १८८ कोण हे आम्ही लिहून ठेवलं, आणि या सर्व्हेतलं सगळ्यात उपयोगी काम तेच निघालं: ९७ बाहेरगावी राहणारे, ३१ मयत किंवा लग्न होऊन, घर सोडून गेलेले, ४२ तीन खेपांत न भेटलेले, १८ नकार. बाहेरगावच्या ९७ मधले ७१ एकट्या डोंगरपट्ट्यातल्या ९ बूथचे.

त्या घरांत म्हातारे आईवडील भेटायचे आणि सांगायचे, "पोरं येणारेत की मतदानाला, गाडी ठरलीये". गाडी कोण करून देतंय हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मुलांनी हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून आणलं. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं.

आकडे आल्यावरचा वाद

डब्यातल्या चिठ्ठ्या मोजल्या: अ ३८ टक्के, ब ३३, इतर ९, आणि २० टक्के कोऱ्या. संपादकांनी लगेच मथळा काढला, "अ पाच टक्क्यांनी आघाडीवर". त्यांचे एक सहकारी म्हणाले कोऱ्या काढून टाकून परत टक्के काढा, मग अ ४७ च्या पुढे आणि ब ४१, आघाडी सहाची होते.

इथे दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली, आकडा किती चुकू शकतो त्या मर्यादेची. ४१२ जणांच्या नमुन्याला पुस्तकी सूत्राने जवळपास ५ टक्के इकडे तिकडे अशी मर्यादा येते. पण ते सूत्र ४१२ माणसं मतदारसंघभर सुटी सुटी निवडली असतील तर लागू, आमची २४ ठिकाणी गठ्ठ्याने होती. एका बूथमधले लोक एकसारखं मत देतात, एक वाडी, एक भावकी, एक पाण्याची टाकी. त्यामुळे सतरावा माणूस नवीन काही फारसं सांगत नाही. अशा सारखेपणाचा बेताचा अंदाज धरला तरी ४१२ ची किंमत सुट्या २३० माणसांइतकीच राहते आणि मर्यादा साडेसहापर्यंत जाते. त्यात ही मर्यादा एका उमेदवाराच्या आकड्याची झाली. दोघांमधल्या फरकाची जवळपास पावणेदोनपट, कारण एकाचं मत वाढलं की बहुतेक वेळा दुसऱ्याचं कमी होतं. म्हणजे ५ टक्क्यांच्या आघाडीला साधारण ११ टक्के इकडे तिकडे. अ १६ ने पुढे असू शकतो किंवा ६ ने मागे.

दुसरी गोष्ट कोऱ्या चिठ्ठ्यांची. त्या काढून टाकणं म्हणजे कोरी टाकणारे बाकीच्यांसारखेच मत देणार असं धरणं. पण चिठ्ठीमागच्या बूथ नंबरवरून दिसत होतं की शहर आणि बागायतीत १६ टक्के कोऱ्या आणि डोंगरपट्ट्यात २८. तिथे विद्यमान आमदारांची माणसं घरोघर फिरत होती आणि आमची मुलं तालुक्याच्या कॉलेजची, आडनावावरून गाव ओळखणारी. अशा ठिकाणी कोरी चिठ्ठी म्हणजे "ठरलं नाही" असेलच असं नाही, "तुला सांगत नाही" पण असू शकतं.

शेवटी छापील अंकात "लढत अटीतटीची, आघाडी सांगता येण्याइतका फरक नाही" असं आलं, कोऱ्या चिठ्ठ्यांचा आकडा वेगळा दाखवून, पाण्याच्या दोन्ही मसुद्यांसकट. ते चांगलं झालं. पण पेपरच्याच सोशल मीडियावर जे चित्र फिरलं त्यात ३८ आणि ३३ चे दोन खांब आणि वर "अ पुढे". लोकांच्या लक्षात तेच राहिलं.

निकाल आणि त्यानंतरची तपासणी

२३ नोव्हेंबरला ब जिंकले. ब ४६ टक्के, अ ४३, बाकी इतर आणि नोटा मिळून ११.

गावात लोकांनी "सर्व्हे फेल" म्हटलं. निकाल आमच्या मर्यादेच्या आत आहे असं म्हणून मला सुटता आलं असतं, कारण अ ६ ने मागे असू शकतो असं गणित होतंच. पण मर्यादेच्या आत असणं म्हणजे नुसतं नशीब वाईट होतं असं सिद्ध होत नाही, आत कुठेतरी पक्की गळती पण असू शकते. आणि आपल्याकडे ती तपासायची एक फार चांगली सोय आहे, फॉर्म २०. त्यात बूथवार मतं असतात, कुठल्या बूथवर कुणाला किती. म्हणजे आम्ही निवडलेले २४ बूथच चुकीचे पडले, की बूथ बरोबर होते पण आतली माणसं चुकीची भेटली, हे वेगळं करता येतं.

आधी २४ बूथची खरी मतं बेरीज केली. अ ४३ च्या किंचित खाली, ब ४६. सगळ्या मतदारसंघाशी जवळजवळ जुळलं. म्हणजे ७,३१८ पासून सुरू केलेली निवड उत्तम झाली होती, चूक तिथे नाही.

मग बूथच्या आत गेलो, आमचे टक्के कोऱ्या वगळून. शहर आणि बागायतीच्या १५ बूथमध्ये आमचा अ ४९, ब ४१, प्रत्यक्षात अ ४५.५ आणि ब ४२. थोडं चुकलं, चालण्यासारखं. डोंगरपट्ट्याच्या ९ बूथमध्ये आमचा अ ४५, ब ४२, आणि प्रत्यक्षात अ ३८, ब ५३. गळती इथे होती.

मतदानाचा आकडा बघितल्यावर आणखी उलगडलं. त्या ९ बूथवर ७२ टक्के मतदान झालं होतं. आता आमची तिथली २२५ नावं घ्या. ७१ बाहेरगावी, १६ मयत किंवा गेलेले, उरले १३८, म्हणजे ६१ टक्के. गावात असलेल्या प्रत्येकाने, अंथरुणाला खिळलेल्याने सुद्धा, मत दिलं असं धरलं तरी ६१ च्या वर जात नाही. ७२ टक्के म्हणजे १६२ माणसं, तर किमान २४ जण बाहेरून आलेच पाहिजेत, आणि घरचे सगळे मतदानाला जात नाहीत म्हणजे खरा आकडा बराच जास्त असणार. गाडी खरंच आली होती. आमच्या ४१२ मध्ये त्या गाडीतला एकही माणूस नव्हता.

तरी सगळा फरक मुंबईकरांवर टाकता येत नाही. मी मांडून बघितलं, समजा ४२ जण बाहेरून आले आणि गावातले लोक आमच्या चिठ्ठ्यांप्रमाणेच मत देऊन गेले, तर फरक भरून काढायला त्या ४२ मधली जवळपास सगळीच मतं ब ला जावी लागतात, अ ला पाच-सात, बाकीच्यांना शून्य. ते पटण्यासारखं नाही. म्हणजे कोऱ्या चिठ्ठ्यांमधला मोठा भागही ब चा होता असं दिसतं. कुणाचा वाटा किती हे या माहितीवरून वेगळं करता येत नाही, चिठ्ठी गुप्त ठेवली होती आणि ती तशीच ठेवायला हवी होती.

आता केलं तर

फील्डवर्क दोन टप्प्यांत करेन. बाहेरगावच्या माणसांची पहिली गाठ दिवाळीत, तेव्हा मत विचारायचं नाही, फक्त यादीतलं नाव, तिकडचा पत्ता, फोन नंबर आणि "मतदानाला येणार का, गेल्या वेळी आला होता का, कशाने आला होता". चिठ्ठी छापून झाल्यावर गावात असलेल्यांच्या मुलाखती. आणि १५ नोव्हेंबरच्या सुमाराला त्या ९७ जणांना फोन. फोनवर डबा नसतो त्यामुळे ती उत्तरं वेगळी मोजायची, चिठ्ठीत मिसळायची नाहीत. ९७ मधले ५० जरी बोलले तरी डोंगरपट्ट्याचं चित्र बदललं असतं, आणि खर्च म्हणाल तर दोन मुलांचे दोन दिवस.

डोंगरपट्ट्यात तालुक्याच्या कॉलेजची मुलं पाठवणार नाही, शेजारच्या जिल्ह्यातली पाठवेन, आणि दारात पहिलं वाक्य "आम्ही कुठल्याही योजनेची तपासणी करायला आलो नाही" हे असेल, स्वतःच्या ओळखीच्याही आधी. कोरी चिठ्ठी टाकणाऱ्याला नंतर एकच प्रश्न, अजून ठरायचंय की ठरलंय पण सांगायचं नाही, आणि तोही कागदावर खूण करून, चिठ्ठीला न जोडता, फक्त बूथ नंबर टाकून.

आणि पेपरशी करार करताना त्यात चित्राचाही मसुदा घालेन, मर्यादेचे पट्टे आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा खांब नसेल तर आकडे वापरायचे नाहीत असा. छापील बातमीचा शब्द न शब्द मी तपासला होता, फोनवर फिरणारं चित्र मी सकाळी उठून गावातल्या ग्रुपवरच पाहिलं.